अठ्ठेचाळीस तासांची ओळ

आमच्या हॉटेलात त्यांना पाठीमागे सगळे अटीबाई म्हणत आणि समोर ताई. मी दोन्ही म्हणायचो. रिसेप्शनच्या मागे काचेची एक अरुंद खोली आहे. तिथं एकोणीस वर्षं बसून त्या बुकिंग घेताहेत. कानाला हेडफोन, समोर दोन पडदे, बाजूला सगळ्या मजल्यांचा नकाशा, आणि नकाशावर त्यांच्या हातच्या बारीक अक्षरातल्या खुणा. कुठली खोली गाळणीसारखी गळते, कुठल्या खोलीत लिफ्टची घरघर येते, हे बांधणाऱ्या कंत्राटदाराला माहीत नसेल इतकं त्यांना माहीत.

त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकण्यासारखं असायचं. "दोनशे चौदा रिकामी आहे, देते तुम्हाला. पण आधी ऐका. खिडकीखाली स्वयंपाकघराचा पंखा आहे. सकाळी सहाला कांद्याचा वास येईल. चालेल?" समोरचा नाही म्हणाला की आमचे मॅनेजर कपाळाला हात लावायचे. "ताई, आपण खोल्या विकायला बसलोय की पाहुणे पिटाळायला?" ताई म्हणायच्या, "साहेब, जो हो म्हणून येतो तो सकाळी भांडायला खाली येत नाही." आणि ते खरं होतं. त्यांनी घाबरवून सोडलेली माणसंच पुढच्या वर्षी पुन्हा फोन करायची आणि ताईच हव्यात म्हणून हटून बसायची.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी एका नव्या जोडप्याला बाल्कनी आहे म्हणून सांगितलं होतं. कुणीतरी त्यांना तसं सांगितलं होतं, त्यांनी पुढं सांगितलं. खोलीला बाल्कनी नव्हती, खिडकी होती, तीही निम्मी. ती मुलगी काउंटरशी उभी राहून रडली. पैशाचं काही बोलली नाही, नुसती रडली. तेव्हापासून ताईंनी कानाला खडा लावला. जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही ते सांगायचं नाही, आणि जे सांगितलं ते हॉटेलनं पाळायचं. एकोणीस वर्षांत एकाही पाहुण्याला "तुम्ही खोटं बोलताय" किंवा "तुमचा गैरसमज झालाय" असं म्हणायची वेळ आली नाही, हे त्या सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज किंचित वर जायचा. दुसरी मिरवण्यासारखी गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. दोन साध्या खोल्यांचं घर, एक लहान बहीण, तिची शिकवणी, आणि ही काचेची खोली.

ती मिरवण्यासारखी गोष्ट मी घालवली. म्हणून हे लिहायला बसलोय. त्यांचे गुण गायला नव्हे.

माझं काम हॉटेलच्या पानावर फोटो टाकून त्याखाली मजकूर लिहिण्याचं. ताई मला कवी म्हणायच्या. कौतुकानं नव्हे. "कवी, पहाट कशी कुशीत येते ते लिहिलंस, नाश्ता किती वाजेपर्यंत आहे ते कुठंय?" असं. पॅकेजचा मजकूर असला की तो आधी त्यांच्याकडे जायचा. त्या नुसता वाचायच्या नाहीत. माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि पलीकडून बदललेला आवाज यायचा.

"हॅलो, मी सासूबाईंना घेऊन येतेय. त्यांना जिने चढवत नाहीत. तुमची ही बागेकडची खोली तळमजल्यावर आहे का?"

"ताई, मला कळतंय तुम्ही आहात."

"कोण ताई? मी पाहुणी. आणि पाहुणी उत्तराची वाट बघतेय."

मग माझ्या लक्षात यायचं की खोली पहिल्या मजल्यावर आहे हे मी लिहिलंच नाहीये. अशा चार-पाच पाहुण्या एकामागून एक फोन करायच्या. एकीला कुत्रा आणायचा असायचा, एकीचं मूल बरोबर सहा वर्षांचं असायचं. मजकूर तासाभरात तिप्पट लांब व्हायचा. मी म्हणायचो, लोक पहिल्या दोन ओळी वाचतात, पुढचं दाबून उघडायलाही आळस करतात. उपलब्ध नसलेल्या तारखा सगळ्यात शेवटी टाकू या. त्या म्हणायच्या, "आळशी माणसानं सुट्टी टाकली, तिकिटं काढली आणि मग कळलं की त्या तारखा नाहीत, तर तो शिव्या तुला देणार नाही, मला देणार." मला याचा कंटाळा आला होता. आता लपवून काय उपयोग.

त्या मोसमात तीन लाँग वीकएंड होते. मॅनेजरांनी एका कागदावर सगळं लिहून दिलं आणि म्हणाले, दुपारपर्यंत पोस्ट गेली पाहिजे, शेजारच्या हॉटेलची कालच गेलीय. त्या दिवशी ताई रजेवर होत्या. डोळ्यांची तपासणी होती, थेंब घातल्यावर दोन दिवस पडद्याकडे बघायचं नव्हतं. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आज एकही पाहुणी फोन करणार नव्हती. मी मागच्या वर्षीचा मजकूर उघडला, तोच घेतला, आणि त्यावर नवी माहिती बसवत गेलो. तो असा झाला:

"लाँग वीकएंड, लांब श्वास! घड्याळ घरी ठेवा, बाकी सगळं आमच्याकडे आहे.
खोली: बागेकडची डिलक्स, पहिला मजला, लिफ्ट आहे. दोन रात्री, दोन मोठी माणसं आणि सहा वर्षांखालचं एक मूल.
यात काय काय: रोजचा नाश्ता, एका रात्रीचं जेवण, पोहण्याचा तलाव, निघायच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत खोली.
उपलब्ध नाही: १२ ते १५ सप्टेंबर.
रद्द करायचं असल्यास: येण्याच्या अठ्ठेचाळीस तास आधीपर्यंत कळवल्यास पूर्ण पैसे परत.
बुकिंगसाठी खालची लिंक किंवा फोन."

पहिली ओळ सुचायला मला चाळीस मिनिटं लागली होती. शेवटून दुसऱ्या ओळीला मी हातच लावला नव्हता. ती मागच्या वर्षीची होती. यंदाच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: सात दिवस आधीपर्यंत पूर्ण परत, त्यानंतर काही नाही. मागच्या वर्षी लोकांनी आयत्या वेळी खोल्या सोडल्या आणि त्या रिकाम्या राहिल्या, म्हणून नियम कडक केला होता. आणि लिंकवरून बुकिंग केलं की जे पत्र आपोआप जायचं त्यात एवढंच असायचं की रद्द करण्याच्या अटी पॅकेजच्या पोस्टमध्ये दिल्याप्रमाणे. म्हणजे त्या पोस्टमध्ये मी जे लिहिलं तोच कायदा.

ताई परत आल्या आणि त्यांनी विचारलं, "पोस्ट टाकलीस?" मी म्हटलं, "टाकली. साहेबांच्या कागदाप्रमाणे." त्यांनी मान हलवली. कागद त्यांना पाठ होता, फोनवर त्या कागदाप्रमाणेच सांगत होत्या, त्यामुळे पोस्ट उघडून बघायचं त्यांना कारण नव्हतं.

चौथ्या दिवशी कुणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देताना ती ओळ माझ्या नजरेला पडली. मी इकडं तिकडं बघितलं, 'अठ्ठेचाळीस तास' पुसलं, 'सात दिवस' लिहिलं. अर्धं मिनिटही लागलं नाही. आमच्या पानावर मजकूर बदलला की तारखेजवळ 'बदललेला' एवढा एक शब्द दिसतो, काय बदललं ते कुणालाच दिसत नाही, मलाही नाही. लिंकवरून त्या चार दिवसांत अकरा बुकिंग झाली होती. त्यांची यादी काढून सगळ्यांना कळवणं दोन टिचक्यांचं काम होतं. मी ते केलं नाही. म्हटलं, कुणी रद्द करणारच नाही. केलं तर शेवटच्या ओळी कोण वाचतंय.

त्या ओळी वाचणारा एक माणूस होता.

त्या शेवटच्या लाँग वीकएंडच्या चार दिवस आधीची गोष्ट. मी ताईंच्या खोलीत चहा घेत उभा होतो. फोन आला. ताई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा मऊ होत गेला. "अरेरे. कधी पडल्या? मांडीचं हाड का? ऑपरेशन झालं?" मग थोड्या थांबल्या. "काका, चार दिवस राहिलेत. अट सात दिवसांची आहे." पुन्हा थांबल्या. "अठ्ठेचाळीस तास? नाही हो. एक मिनिट, मी समोर उघडून बघते."

त्यांनी पोस्ट उघडली. मी कप ओठाला लावला आणि चहा प्यायलो नाही. त्यांनी हेडफोनचा माइक मुठीत धरला आणि माझ्याकडे वळल्या.

"कवी, हे 'बदललेला' का दिसतंय? तू काही बदललंस?"

"फोन नंबर चुकला होता," मी म्हणालो. "तो नीट केला."

"बाकी काही नाही?"

"बाकी काही नाही."

आजही मला वाटतं, त्यांनी तेव्हा अजून एकदा विचारलं असतं तर मी सांगून टाकलं असतं. पण दुसऱ्यांदा विचारायची त्यांना सवय नव्हती. माणूस एकदा सांगतो ते खरं, असं धरून चालणारी बाई ती. त्यांनी माइक सोडला आणि एकोणीस वर्षांत जे कुणाला म्हटलं नव्हतं ते शांतपणे म्हणाल्या. "काका, मी समोर बघूनच सांगतेय. सात दिवस लिहिलंय. तुमच्या वाचण्यात काही चूक झाली असेल."

त्यांनी हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाल्या, "भांडले नाहीत रे. भांडले असते तर बरं वाटलं असतं मला. म्हणाले, असेल बाई, मुलगा म्हणतोच आहे की मला आताशा काही आठवत नाही. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली त्यांनी. म्हणाले, मी शेवटाकडून वाचायला सुरुवात करतो, तिथंच चुका असतात. आणि तिथलीच ओळ मी चुकीची वाचली."

तारीख बदलून देते, असं ताईंनी स्वतःच्या अखत्यारीत त्यांना सुचवलं होतं. बायको अंथरुणाला खिळल्यावर आता कुठली सहल, असं ते म्हणाले.

त्यानंतरचे अठरा दिवस मी काचेच्या खोलीत चहाला गेलो नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं झालं होतं. ताई जिन्यात दिसल्या की मी फोन कानाला लावायचो. उद्या सांगू, साहेब चांगल्या मूडमध्ये असताना सांगू, पगार झाल्यावर सांगू. रोज एक नवं कारण सापडायचं, आणि मी शब्दांचा धंदा करणारा माणूस, कारणं चांगली सजवायचो. एक कारण तर असं होतं की आता सांगितलं तर ताईंनाच वाईट वाटेल, म्हणजे मी गप्प बसून त्यांच्यावर उपकारच करत होतो.

एकोणिसाव्या दिवशी ताईच माझ्या टेबलाशी आल्या. उभ्याच राहिल्या.

"त्या काकांना आज फोन केला. सहज, बाईंची तब्येत विचारायला. मुलानं उचलला." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. "दोघांना त्यानं स्वतःकडे नेलंय. घर बंद केलंय. स्कूटर विकली. बँकेची कागदपत्रं, चाव्या, सगळं काकांनी आपण होऊन त्याच्या हातात दिलं. मुलगा म्हणाला, आम्ही वर्षभर मागं लागलो होतो, ऐकत नव्हते, पण ते हॉटेलचं झाल्यापासून स्वतःच म्हणाले, मी वाचलेलं आता खरं धरू नका. लहान मुलांच्या एका मासिकाची प्रुफं फुकट बघायचे, तीही बंद केलीत." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी बोलले ते खरं होतं, तरी इतकं का लागलंय मला, कळत नाही."

मी म्हणालो, "ताई, ते खरं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. बसून सांगायचं धाडस झालं नाही, मीही उभा राहिलो. संपल्यावर ताई एवढंच म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं."

"हो."

"तोंडावर विचारलं होतं."

"हो, ताई."

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. त्या गेल्या आणि त्या चार दिवसांतली अकरा बुकिंग काढून बसल्या. एकेकाला फोन करून सांगत होत्या की पोस्टमध्ये त्या वेळी अठ्ठेचाळीस तास लिहिलं होतं, तुम्हाला तीच अट लागू होती, कुणाचे पैसे कापले गेले असतील तर सांगा. आणखी एक बाई निघाल्या, त्यांचेही पैसे अडकले होते. त्या नाराज होऊन बोलल्या, ताईंनी ऐकून घेतलं. मग मॅनेजरांकडे गेल्या आणि दोघांचे पूर्ण पैसे परत करण्यावर सही घेऊनच बाहेर आल्या. साहेबांनी मला लेखी ताकीद दिली. ती मी घेतली. ती फार हलकी होती.

"पैसे परत गेले," ताई म्हणाल्या. "आता त्यांना जाऊन सांगायचं. माझ्या सुट्टीच्या दिवशी. तू येणार आहेस."

तिसऱ्या मजल्यावर मुलाचा फ्लॅट होता. दार सुनेनं उघडलं. काका गॅलरीत खुर्चीवर बसले होते, मांडीवर काही नाही, हातात काही नाही. उंच, नीट भांग पाडलेले. आतल्या खोलीतून काकूंनी कोण आलंय म्हणून विचारलं, सून आत जाऊन सांगून आली. आम्हाला बसायला मोडे दिले.

मी सुरुवात केली. अडखळत, पण काही न गाळता. कुठल्या तारखेला टाकलं, कुठल्या तारखेला बदललं, ताईंना काय खोटं सांगितलं. पुरावा म्हणून मागच्या वर्षीची पोस्ट छापून नेली होती, त्यात ती अठ्ठेचाळीस तासांची ओळ होती, आणि माझ्या संगणकावरचा कच्चा मजकूरही. काकांनी कागद हातात घेतले. चष्मा लावला नाही. सुनेनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हे मागच्या वर्षीचं आहे. तेव्हा तुम्ही हेच बघितलं असेल कदाचित."

"नाही," मी म्हणालो. "यंदाच्यातही हेच होतं. मी पुसलं."

काकांनी कागद नीट घडी करून मला परत दिले. "पैसे आले," ते म्हणाले. "मुलानं सांगितलं. तेवढ्यासाठी इतक्या लांब आलात, बरं वाटलं."

आता ताई बोलल्या. पुढं सरकून, त्यांच्या डोळ्यांत बघत. "काका, तुम्ही बरोबर वाचलं होतं. तुमच्या नजरेला, तुमच्या स्मरणाला काही झालेलं नाही. चूक आमची होती. मी तुम्हाला फोनवर जे म्हटलं ते चुकीचं होतं."

काका हसले. समजूतदार हसले, आपण लहान मुलाला हसतो तसे.

"बाई, छापखान्यात माझ्यासमोर बसून एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि मी प्रूफ तपासायचो. चाळीस वर्षं. कागदावरचं वाचतोय की मनाचं घालतोय, ते मला मान वर न करता, आवाजावरून कळायचं. त्या दिवशी फोनवर तुम्ही समोरचं वाचत होतात. तो आवाज खरा होता." त्यांनी थोडा श्वास घेतला. "आज मनाचं घालताय. माझ्यासाठी घालताय, ते कळतं मला. पण एवढं नका करू. मी आता सवय करून घेतलीय."

ताईंनी माझ्या हातातले कागद घेऊन पुन्हा त्यांच्यापुढं धरले. त्या खरं सांगत होत्या, आणि त्यांचं खरं आज कुणी घेत नव्हतं.

"काका, शपथेवर सांगतो," मी म्हणालो, "मीच..."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हात गरम होता. "तूही चांगला मुलगा आहेस रे," ते म्हणाले, आणि सुनेला हाक मारून आमच्यासाठी चहा टाकायला सांगितला.